विलीनीकरणाची नोटीस हातात आली की: एनसीएलटीपुढची प्रक्रिया, भागधारक आणि धनकोंच्या बाजूने

शंभर-दीडशे पानांचं एक बाड कुरिअरने येतं, नाहीतर ई-मेलला जोडून येतं. वर लिहिलेलं असतं की राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनसीएलटीच्या, आदेशानुसार अमुक तारखेला सभा बोलावली आहे. बहुतेक लोक पहिलं पान वाचून ते बाजूला ठेवतात. कंपन्यांच्या वतीने आणि कंपन्यांविरुद्धही अशी कामं मी अनेक वर्षं केली आहेत, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. लहान भागधारकाला किंवा पुरवठादाराला कायद्याने जे संरक्षण दिलं आहे, त्यातलं बरंचसं याच बाडात आणि त्यापुढच्या महिन्याभरात असतं. तो महिना वाया गेला की नंतर न्यायाधिकरणासमोर उभं राहून सांगण्यासारखं फार थोडं उरतं.

म्हणून इथे मी प्रक्रिया सांगतो ती भारतातल्या दोन साध्या कंपन्यांची, कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० ते २३२ प्रमाणे. आधी ही कामं १९५६ च्या कायद्याखाली उच्च न्यायालयात चालायची. डिसेंबर २०१६ पासून ती एनसीएलटीकडे आली. छोट्या कंपन्यांसाठी आणि पूर्ण मालकीच्या उपकंपनीसाठी कलम २३३ चा जलद मार्ग वेगळा आहे, त्यात इथे शिरत नाही.

सुरुवात: संचालक मंडळ आणि स्कीम

समजा एक छोटी कंपनी आहे आणि एक मोठी. छोटी मोठीत विलीन होणार. विलीन झाल्यावर छोटीची मालमत्ता, कर्जं, करार, कोर्टातले दावे आणि कामगार असं सगळं मोठीकडे जाणार, आणि छोटी अवसायनाच्या, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याच्या, भानगडीत न पडता विसर्जित होणार. या सगळ्याचा जो मसुदा असतो त्याला व्यवहारात सगळे ‘स्कीम’च म्हणतात.

दोन्ही कंपन्यांची संचालक मंडळं ही स्कीम मंजूर करतात. त्यासोबत लागतो नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, ज्यात छोटीच्या किती शेअर्समागे मोठीचे किती शेअर्स मिळणार याचं प्रमाण ठरतं. याला स्वॅप रेशो म्हणतात. हिशेबाची पद्धत लेखा मानकांप्रमाणे आहे, असं लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्रही लागतं. ते नसेल तर न्यायाधिकरण स्कीम मंजूर करूच शकत नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर आधी शेअर बाजाराचं निरीक्षणपत्र घ्यावं लागतं आणि त्यात सेबीही लक्ष घालते.

स्कीममध्ये एक ‘अपॉइंटेड डेट’ असते, म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने विलीनीकरण ज्या दिवसापासून झालं असं धरायचं तो दिवस. प्रत्यक्ष आदेश वर्षभराने आला तरी नफा-तोटा त्या दिवसापासून मोठीचा. ही तारीख अर्जाच्या एक वर्षाहूनही जुनी असेल तर त्याचं समर्थन स्कीममध्ये द्यावं लागतं, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. वाचताना ही तारीख आधी शोधा. मधल्या काळात छोटीने मोठा नफा कमावला असेल आणि स्वॅप रेशो मात्र जुन्या आकड्यांवर असेल, तर तो फरक छोटीच्या भागधारकांच्या खिशातून गेलेला असतो.

स्वॅप रेशो कसा तपासायचा

आकडे घेऊन बघू. छोटीचे १० लाख शेअर्स आहेत, मूल्यांककाच्या मते प्रत्येकी १५० रुपयांचे. मोठीचे २० लाख, प्रत्येकी ४०० रुपयांचे. १५० ला ४०० ने भागलं की येतं ३:८. म्हणजे छोटीच्या आठ शेअर्समागे मोठीचे तीन.

आता एक बारकावा. छोटीतले १ लाख शेअर्स आधीच मोठीच्या नावावर आहेत. मोठी स्वतःलाच शेअर्स देऊ शकत नाही, आणि २०१३ च्या कायद्याने ते विश्वस्ताच्या नावावर ठेवण्याची वाटही बंद केली. ते रद्द होतात. उरलेल्या ९ लाखांमागे ३ लाख ३७ हजार ५०० नवे शेअर्स निघतात, आणि मोठीचे एकूण शेअर्स होतात २३ लाख ३७ हजार ५००.

मोठीचं एकूण मूल्य ८० कोटी होतं, त्यात छोटीतल्या तिच्या शेअर्सचे दीड कोटी धरलेले होते. ते वजा करा, छोटीचे १५ कोटी मिळवा. एकत्र झालेली कंपनी ९३ कोटी ५० लाखांची. शेअर्सच्या नव्या एकूण संख्येने भागलं की प्रत्येक शेअर पुन्हा बरोबर ४०० रुपयांचाच येतो. कोणाच्या हातातून काही निसटलं नाही. ज्याच्याकडे छोटीचे ८०० शेअर्स होते, म्हणजे १ लाख २० हजारांचे, त्याला मोठीचे ३०० मिळाले. तेही तेवढ्याच किमतीचे.

हाच रेशो कोणी १:४ ठरवला तर? ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण आता नवे शेअर्स निघतात फक्त सव्वादोन लाख, एकूण होतात २२ लाख २५ हजार, आणि प्रत्येकाची किंमत साधारण ४२० रुपये होते. आपल्या ८०० वाल्या माणसाला २०० शेअर्स मिळतात, म्हणजे सुमारे ८४ हजार रुपये. त्याचे ३६ हजार मोठीच्या जुन्या भागधारकांकडे सरकले, आणि कागदावर कुठेही ‘तोटा’ हा शब्द आला नाही. म्हणून नोटीस आली की कॅल्क्युलेटर घेऊन हा एवढा हिशेब स्वतः करून पाहावा. त्याला सीए असावं लागत नाही.

मूल्यांकन अहवालात तीन पद्धती दिसतात: मालमत्तेवर आधारित, पुढच्या कमाईवर आधारित, आणि बाजारभावावर किंवा तशाच इतर कंपन्यांच्या भावांवर आधारित. प्रत्येक पद्धतीला किती वजन दिलं ते पाहा. दोन्ही कंपन्यांना एकच माप लावलं आहे का, हा खरा प्रश्न. छोटीच्या नावावर मोक्याची जमीन असेल आणि तिला मालमत्तेच्या पद्धतीत पुस्तकी किंमतच धरली असेल, तर तिथे बोट ठेवायला जागा आहे. तसंच छोटीच्या वाढीचा दर मोठीपेक्षा कमी धरला असेल तर त्याचं कारण अहवालात लिहिलेलं असायला हवं.

आठच्या पटीत शेअर्स नसतील तर अपूर्णांक उरतो. १०० शेअर्सवाल्याला साडेसदतीस मिळणार, पण अर्धा शेअर देता येत नाही. सहसा असे सगळे तुकडे एकत्र करून एका विश्वस्तामार्फत विकतात आणि ज्याची त्याची रक्कम रोख देतात. स्कीममध्ये हे कलम आहे का ते बघा. ‘अपूर्णांक दुर्लक्षिला जाईल’ असं लिहिलं असेल तर हरकत घ्या.

पहिला अर्ज: सभा होणार की नाही

मंडळाच्या मंजुरीनंतर कंपन्या एनसीएलटीकडे पहिला अर्ज करतात. यात न्यायाधिकरण स्कीम मंजूर करत नाही, फक्त पुढची प्रक्रिया आखून देतं: कोणाची सभा, कधी, अध्यक्ष कोण, मतमोजणी कोण तपासणार, गणपूर्ती किती. दोन कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालयं वेगवेगळ्या राज्यांत असतील तर दोन वेगवेगळ्या खंडपीठांकडे जावं लागतं आणि दोन्हीकडून मंजुरी यावी लागते.

धनकोंसाठी हा टप्पा निर्णायक आहे, आणि नेमका इथे धनको उपस्थितच नसतो. ९० टक्के मूल्याच्या धनकोंनी प्रतिज्ञापत्रावर संमती दिली तर न्यायाधिकरण धनकोंची सभा माफ करू शकतं, असं कलम २३०(९) सांगतं. त्यापलीकडे एक प्रथा आहे. स्कीम कंपनी आणि भागधारक यांच्यातली आहे, धनकोंच्या रकमेला कुठे कात्री लागत नाही आणि नक्त मालमत्ता भरपूर आहे, असं दाखवून अनेक कंपन्या धनकोंची सभाच नको म्हणतात. अनेक खंडपीठं ते मान्य करून फक्त नोटीस पाठवायला सांगतात. त्यामुळे पुरवठादाराला मत द्यायची वेळ कधी येतच नाही असंही होतं. त्याच्या हातात उरते ती नोटीस, आणि तिच्यावर लेखी म्हणणं मांडण्याचा हक्क.

सभा वर्गवार होते. तारण असलेले धनको वेगळे, विनातारण वेगळे, समभागधारक वेगळे, अग्रहक्क भागधारक असतील तर तेही वेगळे. ज्यांचे हक्क इतके वेगळे आहेत की एकत्र बसून एकाच हिताचा विचार करता येणार नाही, त्यांना एका सभेत कोंबायचं नाही, हे यामागचं सूत्र. वर्ग चुकीचा पाडला असेल तर सगळ्या मतदानाला अर्थ राहत नाही. पण ही हरकत लवकर, शक्यतो सभेआधीच, लेखी नोंदवावी.

बाडात काय असायला हवं

नोटीस प्रत्येक भागधारकाला आणि धनकोला व्यक्तिशः, सभेच्या किमान एक महिना आधी जायला हवी. वेबसाइट असेल तर तिथेही हवी, आणि एका इंग्रजी व एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहिरात हवी. सोबत स्पष्टीकरणात्मक निवेदन, मूल्यांकन अहवाल, संचालकांचे हितसंबंध, आणि स्कीमचा धनको, प्रवर्तक व प्रवर्तक नसलेले भागधारक या प्रत्येकावर होणारा परिणाम सांगणारा संचालकांचा अहवाल हवा. शेवटचे वार्षिक हिशेब सभेपूर्वी सहा महिन्यांहून जुने असतील तर ताजं पूरक हिशेबपत्रकही हवं. याखेरीज कंपनीविरुद्ध काही चौकशी चालू आहे का, तेही न्यायाधिकरणाला सांगणं बंधनकारक आहे. स्कीमची प्रत मिळाली नसेल तर लेखी मागा. सभेला हजर राहण्याचा हक्क असलेल्या भागधारकाला किंवा धनकोला मागणीनंतर एका दिवसात ती विनामूल्य द्यावी लागते.

धनको असाल तर मूल्यांकनापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या. पहिली, विलीनीकरणानंतर तुमच्या एका रुपयाच्या येण्यामागे किती मालमत्ता उभी राहते. समजा छोटीची मालमत्ता १२ कोटी आणि देणी ६ कोटी आहेत. प्रत्येक रुपयामागे दोन रुपये. मोठीची मालमत्ता १०८ कोटी आणि देणी ७२ कोटी, म्हणजे रुपयामागे दीड. एकत्र केल्यावर मालमत्ता १२० कोटी आणि देणी ७८ कोटी (छोटीतली मोठीची गुंतवणूक वजा केली की मालमत्ता अजून थोडी कमी), म्हणजे रुपयामागे साधारण दीडच. छोटीच्या पुरवठादाराच्या येण्यामागचा आधार पाव भागाने कमी झाला. त्याचं येणं बुडालं नाही, पण धोका वाढला. ‘कंपनी मोठी होतेय, मग चांगलंच’ हा समज इथे फसतो.

दुसरी गोष्ट आहे तारणाची मर्यादा. मोठीच्या बँकेचा बोजा तिच्या सध्याच्या आणि भविष्यातल्या सगळ्या मालमत्तेवर असेल, तर विलीनीकरणाने आलेली छोटीची यंत्रसामग्रीही त्या बोज्याखाली जाऊ शकते, आणि छोटीच्या विनातारण धनकोंच्या वाट्याला काही उरत नाही. चांगल्या स्कीममध्ये स्पष्ट वाक्य असतं की मोठीचे विद्यमान बोजे छोटीकडून आलेल्या मालमत्तेवर पसरणार नाहीत आणि छोटीचे बोजे मोठीच्या मालमत्तेवर जाणार नाहीत. हे एक वाक्य शोधा. नसेल तर तेच मागा. न्यायाधिकरणाला स्कीममध्ये बदल करण्याचा अधिकार आहे, आणि अशी मर्यादित मागणी मान्य होण्याची शक्यता ‘विलीनीकरण थांबवा’ या मागणीपेक्षा कितीतरी जास्त असते.

मतदान आणि त्यातली मेख

स्कीम मंजूर व्हायला हजर राहून मत देणाऱ्यांच्या संख्येचं बहुमत हवं, आणि त्या बहुमताकडे मूल्याच्या तीन चतुर्थांशाएवढं बळ हवं. डोकीही मोजली जातात आणि पैसाही. स्वतः, प्रतिनिधीमार्फत किंवा टपाली पद्धतीने मत देता येतं. प्रतिनिधिपत्र सभेच्या ४८ तास आधी पोहोचायला हवं.

आपल्या छोटीची सभा झाली. १४० जणांनी मत दिलं, ९० बाजूने, ५० विरोधात. संख्येची कसोटी पार पडली. शेअर्स मोजले तर १० लाखांपैकी मतात आले ८ लाख, त्यातले ६ लाख २० हजार बाजूने. हे साडेसत्याहत्तर टक्के. पास.

जे २ लाख शेअर्सवाले घरी बसले, ते कोणत्याच बाजूला मोजले गेले नाहीत. ८ लाखांच्या मतदानात स्कीम अडवायला २ लाखांहून थोडे जास्त शेअर्स पुरले असते, आणि विरोधात होते १ लाख ८० हजार. घरी बसलेल्यांपैकी थोडे जरी येऊन विरोधात बसले असते तर निकाल फिरला असता. विरोध असूनही ‘आपल्या एकट्याच्या मताने काय होतं’ म्हणून न जाणारा माणूस प्रत्यक्षात बाजूने असणाऱ्यांची टक्केवारी वाढवतो.

आणि आता ती मेख. बाजूने पडलेल्या ६ लाख २० हजारांत मोठी कंपनीचे स्वतःचे १ लाख होते. मोठीला छोटीची भागधारक म्हणून मताचा हक्क आहे. पण स्वॅप रेशो जितका कमी तितका फायदा मोठीलाच. ते १ लाख वगळून पाहिले तर ७ लाखांपैकी ५ लाख २० हजार बाजूने, म्हणजे ७४.२९ टक्के. तीन चतुर्थांशाच्या किंचित खाली! नुसत्या टक्केवारीवर समाधान मानलं की हे दिसत नाही. मतमोजणी तपासणाऱ्याच्या अहवालात कोणी किती मतं दिली याचा तपशील असतो. वेगळं हित असलेल्यांच्या मतांनी वर्गाचं खरं मत झाकलं गेलं, हा मुद्दा दुसऱ्या सुनावणीत मांडता येतो. तो मान्य होईलच असं नाही, पण न्यायाधिकरणाला त्यावर विचार करावाच लागतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या काही प्रकारच्या स्कीममध्ये, जिथे प्रवर्तकांचं हित गुंतलेलं असतं, तिथे सेबीने थेट अट घातली आहे की सार्वजनिक भागधारकांची बाजूची मतं विरोधी मतांहून जास्त हवीत.

सभेत मत द्यायला कितीही लहान हिस्सा चालतो. न्यायाधिकरणासमोर हरकत घ्यायला मात्र उंबरठा आहे: भागभांडवलाच्या किमान १० टक्के, किंवा शेवटच्या लेखापरीक्षित हिशेबाप्रमाणे एकूण थकीत कर्जाच्या किमान ५ टक्के. आपल्या छोटीच्या ६ कोटींच्या देण्यांवर हे होतात ३० लाख. १२ लाखांचं येणं असलेल्या पुरवठादाराने एकट्याने हरकत घेतली तर पहिला आक्षेप तिथेच येतो. दोन-तीन पुरवठादारांनी येणी एकत्र करून एकच अर्ज करणं हा शहाणा मार्ग.

तेही जमत नसेल तर आणखी एक दार आहे, जे फार थोडे लोक वापरतात. हीच नोटीस केंद्र सरकारच्या वतीने प्रादेशिक संचालकाला, आयकर विभागाला, कंपनी निबंधकाला, अधिकृत अवसायकाला, आणि प्रसंगानुसार रिझर्व्ह बँक, सेबी, स्पर्धा आयोग यांना जाते. त्यांना म्हणणं मांडायला ३० दिवस असतात, नाहीतर त्यांची हरकत नाही असं गृहीत धरतात. प्रादेशिक संचालकाचा अहवाल न्यायाधिकरण परिच्छेदागणिक वाचतं आणि कंपनीकडून प्रत्येक मुद्द्याचं उत्तर मागतं. तुमची कागदपत्रांसह नेमकी तक्रार त्याच्याकडे त्या ३० दिवसांत पोहोचली, तर ती त्या अहवालात येऊ शकते. अशा तक्रारीला उंबरठा लागत नाही.

यादीत नाव नसलेला धनको

माझ्याकडे एकदा पॅकिंगचा माल पुरवणारे एक गृहस्थ आले. त्यांचं येणं ९ लाखांच्या आसपास. त्यांना नोटीसच आली नव्हती. विलीनीकरणाचं कळलं ते वर्तमानपत्रातल्या सुनावणीच्या जाहिरातीतून, आणि सुनावणीला दहा-बारा दिवस उरले होते. आम्ही धनकोंची यादी मागवली. कंपनीने त्यांची बिलं ‘वादग्रस्त’ म्हणून पुस्तकातून बाजूला काढली होती, त्यामुळे लेखापरीक्षकाने प्रमाणित केलेल्या यादीत त्यांचं नावच नव्हतं.

इथे एक नियम समजून घ्यायला हवा. धनकोच्या मताचं मूल्य कंपनीच्या पुस्तकांप्रमाणे धरतात, आणि वाद असेल तर सभेपुरता निर्णय अध्यक्षाने करायचा असतो, असं न्यायाधिकरणाच्या आदेशात सहसा लिहिलेलं असतं. म्हणजे पुस्तकात नाव नसणं हा शेवट नाही. पण सभा होऊन गेली होती. आम्ही विलीनीकरणाला विरोध केला नाही. प्रतिज्ञापत्रासोबत खरेदी आदेश, माल पोहोचल्याच्या सह्या, जीएसटीची विवरणपत्रं आणि कंपनीच्या लेखा विभागाचा शिल्लक मान्य करणारा एक जुना ई-मेल लावला, आणि एवढंच मागितलं की हे देणं विलीनीकरणाने नष्ट होणार नाही आणि टिकणारी कंपनी त्याला जबाबदार राहील, हे आदेशात नोंदवावं. कंपनीच्या वकिलांनी तशी हमी दिली आणि ती आदेशात उतरली. त्या गृहस्थांनी नंतर पैसे वसूल केले ते त्याच परिच्छेदावर बोट ठेवून.

त्या प्रकरणापासून मी प्रत्येक पुरवठादाराला सांगतो: ग्राहक कंपनीच्या विलीनीकरणाची बातमी कानावर आली की त्याच आठवड्यात शिल्लक रकमेची लेखी पुष्टी मागा. यादी एका ठरावीक तारखेची असते. ती तयार होण्याआधी तुमचं येणं मान्य असल्याचा कागद हातात हवा.

दुसरा अर्ज: न्यायाधिकरण काय बघतं, काय बघत नाही

सभेनंतर अध्यक्ष तीन दिवसांत, किंवा न्यायाधिकरणाने दिलेल्या मुदतीत, अहवाल देतो. त्यापुढच्या सात दिवसांत कंपन्या मंजुरीची याचिका करतात. सुनावणीची जाहिरात किमान दहा दिवस आधी येते.

इथे लोकांच्या अपेक्षा चुकतात. न्यायाधिकरण स्वॅप रेशो पुन्हा मोजायला बसत नाही. मिहीर मफतलाल विरुद्ध मफतलाल इंडस्ट्रीज या १९९६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही सीमा आखून दिली. टिकणाऱ्या कंपनीच्या एका भागधारकाने पाचास दोन या प्रमाणासकट अनेक गोष्टींवर हरकत घेतली होती, आणि ती फेटाळली गेली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: कायद्याने सांगितलेल्या सभा आणि प्रक्रिया झाल्या का, मतदारांपुढे सगळी माहिती होती का, बहुमताने प्रामाणिकपणे मत दिलं की अल्पसंख्याकांना दडपून स्वतःचं हित साधलं, आणि स्कीम कायद्याच्या किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे का, एवढं न्यायालयाने पाहायचं. व्यवसायाचा निर्णय शहाणपणाचा आहे की नाही, तो भागधारकांचा प्रश्न. त्याआधी टाटा ऑइल मिल्स, म्हणजे टॉम्को, आणि हिंदुस्तान लिव्हरच्या विलीनीकरणात पंधरा शेअर्सला दोन या प्रमाणावरही सर्वोच्च न्यायालयाने अशीच भूमिका घेतली होती.

याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. ‘रेशो मला कमी वाटतो’ हे म्हणणं टिकत नाही. ‘अहवालात छोटीची जमीन धरलेलीच नाही, आणि हे भागधारकांपासून लपवलं’ हे टिकू शकतं, कारण तो माहिती दडवण्याचा मुद्दा झाला. ‘मला नोटीस मिळाली नाही, हा पोस्टाचा पुरावा’ हे टिकतं. म्हणून बाडातली प्रत्येक उणीव प्रक्रियेच्या भाषेत मांडायला शिकावं.

विरोधात मत देणाऱ्या भागधारकाला आपोआप पैसे घेऊन बाहेर पडण्याचा हक्क मिळत नाही, हीदेखील मर्यादा आहे. न्यायाधिकरण असहमत लोकांसाठी तरतूद करू शकतं, पण करेलच असं नाही. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी तिथे न नोंदलेल्या कंपनीत विलीन होत असेल तर मात्र बाहेर पडू इच्छिणाऱ्यांना ठरवलेल्या सूत्राने पैसे देण्याची व्यवस्था करता येते, आणि ती रक्कम सेबीच्या नियमांनी येणाऱ्या किमतीहून कमी चालत नाही.

आदेशानंतर

आदेशाची प्रमाणित प्रत ३० दिवसांत निबंधकाकडे दाखल करावी लागते. आदेशावर मुद्रांक शुल्क लागतं. नाराज पक्षाला ४५ दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं.

आदेश आला म्हणजे विलीनीकरण झालं, असं समजू नका. झी आणि सोनीच्या विलीनीकरणाला ऑगस्ट २०२३ मध्ये एनसीएलटीची मंजुरी मिळाली होती, तरी जानेवारी २०२४ मध्ये तो व्यवहार मोडला, कारण करारातल्या अटी पूर्ण झाल्या नाहीत असं एका बाजूने म्हटलं. उलट एचडीएफसी आणि एचडीएफसी बँकेचा प्रवास पूर्ण झाला, पण त्याला किती वेळ लागला तेही बघा: घोषणा ४ एप्रिल २०२२, भागधारकांची सभा २५ नोव्हेंबर २०२२, एनसीएलटीचा आदेश १७ मार्च २०२३, आणि अंमल १ जुलै २०२३. पंचवीस शेअर्सला बेचाळीस हे प्रमाण त्या सव्वा वर्षात बदललं नाही.

अंमलाची तारीख जाहीर झाली की भागधारकाने रेकॉर्ड तारीख बघावी आणि शेअर्स कागदी असतील तर त्याआधी डिमॅट करून घ्यावेत. धनकोने नव्या कंपनीला पत्र लिहून जुनं खातं तिच्या पुस्तकात कोणत्या शिल्लकेने उघडलं ते विचारावं आणि त्यापुढची बिलं नव्या नावाने व नव्या जीएसटी क्रमांकावर काढावीत. स्कीमचं पालन होत आहे, असं सनदी लेखापाल, कॉस्ट अकाउंटंट किंवा कंपनी सेक्रेटरीने प्रमाणित केलेलं विवरण कंपनीला स्कीम पूर्ण होईपर्यंत दरवर्षी निबंधकाकडे द्यावं लागतं. ते देऊनही आदेशातली हमी पाळली जात नसेल, तर कलम २३१ खाली त्याच न्यायाधिकरणाकडे परत जाता येतं, आणि तिथे पहिल्यांदा मागतात ती गोष्ट म्हणजे नोटीस आल्यानंतरच्या त्या महिन्यात तुम्ही दिलेल्या पत्राची पोचपावती.